क्लॉक कुठे अडतो? क्लॉक-टु-क्यू, प्रोपगेशन आणि कंटॅमिनेशन डिलेबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगलीत विश्रामबागला आमची डिजिटलची संध्याकाळची बॅच असते. मिरज, तासगाव, इस्लामपूरकडून मुलं येतात आणि दर वर्षी कुणीतरी प्रोजेक्टला फ्रिक्वेन्सी मीटर घेतंच. त्यातला पहिला टप्पा ठरलेला: 10 मेगाहर्ट्झच्या क्रिस्टल ऑसिलेटरला 16 ने भागायचं आणि 625 किलोहर्ट्झ काढायचे. त्यासाठी चार बिटांचा सिंक्रोनस काउंटर बांधतात आणि मग प्रश्न सुरू होतात. ते प्रश्न इथे एकत्र केलेत. सगळी उत्तरं या एकाच सर्किटला धरून आहेत, कारण उशिराचं गणित हवेत समजत नाही.

सर्किट असं: दोन 74HC74 म्हणजे चार डी फ्लिप-फ्लॉप, अँड गेटांसाठी एक 74HC08 आणि एक्सॉरसाठी एक 74HC86. पुरवठा 4.5 व्होल्ट, तीन पेन्सिल सेल. Q0 आणि Q1 पहिल्या 74HC74 मध्ये, Q2 आणि Q3 दुसऱ्यात.

```
D0 = NOT Q0
D1 = Q1 XOR Q0
D2 = Q2 XOR (Q1 AND Q0)
D3 = Q3 XOR ((Q1 AND Q0) AND Q2)
```

हे तीन उशीर नेमके कोणते? तिन्ही सारखेच वाटतात.

प्रोपगेशन डिले म्हणजे गेटाचा इनपुट बदलल्यापासून आउटपुट शेवटचा बदलून स्थिर होईपर्यंत जास्तीत जास्त लागणारा वेळ. कंटॅमिनेशन डिले त्याच गेटाचा, पण दुसऱ्या टोकाचा: इनपुट बदलल्यावर आउटपुट लवकरात लवकर कधी हलायला लागेल. या दोन क्षणांच्या मधल्या काळात आउटपुटवर काहीही दिसू शकतं. जुनी किंमत, नवी किंमत, मध्येच एखादा काटा. त्या काळात त्या तारेवर विश्वास ठेवायचा नाही, एवढंच.

क्लॉक-टु-क्यू हा फ्लिप-फ्लॉपचा स्वतःचा उशीर. क्लॉकची कड आली की Q लगेच बदलत नाही, थोडा वेळ घेतो. त्यालाही दोन टोकं आहेत. उशिरात उशिरा Q कधी स्थिर होईल ते tpcq आणि लवकरात लवकर कधी हलेल ते tccq. बरीच मुलं क्लॉक-टु-क्यूला एकच आकडा समजतात आणि पुढचा सगळा गोंधळ तिथून सुरू होतो.

याशिवाय फ्लिप-फ्लॉपच्या दोन अटी असतात. कड येण्याआधी D किती वेळ स्थिर हवा तो सेटअप, आणि कड येऊन गेल्यावर किती वेळ तसाच राहायला हवा तो होल्ड.

मग कमाल फ्रिक्वेन्सी कशी काढायची?

एक कड ते पुढची कड, एवढ्या वेळात काय काय उरकायचं आहे ते बघा. कड आली, Q बदलला, तो बदल गेटांमधून पुढच्या D पर्यंत गेला, आणि पुढच्या कडेच्या आधी सेटअपइतका वेळ तिथे स्थिर राहिला. म्हणून:

```
Tc >= tpcq + tpd + tsetup
```

इथे tpd म्हणजे सगळ्यात लांब वाटेवरच्या गेटांच्या प्रोपगेशन डिलेंची बेरीज. आपल्या काउंटरमध्ये ती वाट Q0 पासून D3 पर्यंतची आहे: पहिला अँड, दुसरा अँड, मग एक्सॉर.

आता आकडे. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या डेटाशीटमध्ये 4.5 व्होल्ट आणि 25 अंशांना SN74HC74 चा क्लॉक-टु-क्यू कमाल 35 नॅनोसेकंद, सेटअप 20, होल्ड 0. SN74HC08 कमाल 20 आणि SN74HC86 सुद्धा कमाल 20. बेरीज 35 + 20 + 20 + 20 + 20, म्हणजे 115 नॅनोसेकंद. त्याचा व्यस्त घेतला की 8.7 मेगाहर्ट्झ. आपला ऑसिलेटर 10 चा आहे, म्हणजे त्याची एक फेरी 100 नॅनोसेकंदांची. 15 नॅनोसेकंद कमी पडतात.

पण 74HC74 च्या डेटाशीटवर तर 31 मेगाहर्ट्झ लिहिलंय!

लिहिलंय, आणि खोटं नाही. तो आकडा एकट्या फ्लिप-फ्लॉपचा आहे: एवढ्या वेगाने क्लॉक दिला तरी तो फ्लिप-फ्लॉप प्रत्येक कड ओळखेल याची ती हमी. दोन फ्लिप-फ्लॉपच्या मध्ये तुम्ही तीन गेटं बसवलीत, त्याचा हिशेब त्या आकड्यात नाही. नुसत्या D0 च्या वाटेवर मध्ये गेटच नाही, Q0 ची उलटी पिन सरळ D0 ला लावलेली आहे. तरी त्या बिटालाही 35 + 20, म्हणजे 55 नॅनोसेकंद लागतात, हमी 18 मेगाहर्ट्झचीच. बाकीच्यांचं काय करायचं?

सर, आमचा तर 10 मेगाहर्ट्झला व्यवस्थित चालतोय. गणित चुकलं का?

गणित बरोबर आहे. वर घेतलेले सगळे कमाल आकडे आहेत, कंपनी ज्यांची हमी देते ते. त्याच डेटाशीटमध्ये शेजारच्या रकान्यात टिपिकल आकडे असतात: क्लॉक-टु-क्यू 20, अँड 10, एक्सॉर 12. ते घेऊन आणि सेटअप पूर्ण 20 धरून बेरीज केली तर 72 येते, म्हणजे जवळजवळ 13.9 मेगाहर्ट्झ. तुमच्या हाताला लागलेल्या चिपा बहुधा टिपिकलच्या आसपासच्या असतात, म्हणून टेबलावर 10 चालतो.

पण टिपिकल आकड्याला हमी नसते. दुकानदाराने पुढच्या वेळी दुसऱ्या कंपनीची किंवा दुसऱ्या लॉटची चिप दिली, सेल उतरले, ब्रेडबोर्डवर तारा लांब गेल्या, की ती मधली जागा संपते. डेटाशीटचे आकडे 50 पिकोफॅरड लोड धरून मोजलेले असतात, हेही विसरू नका. त्यापेक्षा जास्त लोड लावला तर उशीर वाढतो.

सेलचा परिणाम तर फार मोठा आहे. 74HC कुटुंब 2 ते 6 व्होल्टवर चालतं खरं, पण 2 व्होल्टला तीच कमाल बेरीज 175 + 100 + 100 + 100 + 100 म्हणजे 575 नॅनोसेकंद होते. 1.7 मेगाहर्ट्झ! तीन पेन्सिल सेल नवे असताना 4.5 व्होल्ट देतात आणि उतरत उतरत 3 पर्यंत येतात. आठवडाभर नीट चाललेला प्रोजेक्ट नेमका व्हायवाच्या दिवशी दगा देतो, त्यात नशिबाचा काही भाग नसतो.

वेग कमी पडला तर स्क्रीनवर काय दिसतं? सगळा काउंटर गोंधळतो का?

नाही, आणि हे ओळखता आलं तर निम्मं काम झालं. लांब वाट फक्त D3 ची आहे, म्हणून आधी फक्त Q3 बिघडतो.

नीट बघू. 6 वरून 7 वर जाताना एकटा Q0 शून्याचा एक होतो. Q1 आणि Q2 आधीपासून एक आहेत. Q0 चा हा बदल पहिल्या अँडमधून, मग दुसऱ्या अँडमधून, मग एक्सॉरमधून D3 वर पोहोचला पाहिजे, तर पुढच्या कडेला Q3 उलटेल आणि 7 नंतर 8 येईल. उशीर झाला तर पुढच्या कडेला D3 वर जुनंच शून्य असतं. Q3 हलत नाही. Q0, Q1, Q2 मात्र आपापल्या छोट्या वाटांनी वेळेत पोहोचलेले असतात, ते शून्यावर जातात. म्हणजे 7 नंतर 8 ऐवजी 0. चार बिटांचा काउंटर तीन बिटांचा होऊन बसतो.

ऑसिलोस्कोपवर Q2 वर 1.25 मेगाहर्ट्झ व्यवस्थित दिसतो आणि Q3 सपाट. सुरुवातीला Q3 एकवर असेल तर तो एकवरच अडकतो, काउंटर 8 ते 15 मध्ये फिरत राहतो. ऑसिलेटरच्या जागी फंक्शन जनरेटर लावून वेग हळूहळू वाढवला तर सपाट होण्याआधी एक टप्पा येतो, त्यात Q3 मध्येच एखादी उडी चुकवतो, ट्रेस थरथरल्यासारखा दिसतो. तिथे तुमच्या त्या चिपांची, त्या व्होल्टेजची खरी मर्यादा आहे.

मुलं अशा वेळी Q3 चा फ्लिप-फ्लॉप खराब म्हणून चिप बदलतात. त्याआधी क्लॉक 1 मेगाहर्ट्झवर आणून बघा. Q3 पुन्हा चालू लागला तर चिप ठणठणीत आहे, वेळ पुरत नव्हता.

चिपा न बदलता वेग वाढवता येतो?

येतो, नुसती जोडणी बदलून. माझ्या मते या काउंटरमधली सगळ्यात शिकण्यासारखी गोष्ट ही आहे. D3 साठी आपण आधी Q1 आणि Q0 चा अँड घेतला आणि मग त्याला Q2 जोडला. त्याऐवजी आधी Q2 आणि Q1 चा अँड घ्या, आणि Q0 शेवटच्या अँडला लावा:

```
D2 = Q2 XOR (Q1 AND Q0)
D3 = Q3 XOR ((Q2 AND Q1) AND Q0)
```

एक अँड गेट जास्त लागतं, पण 74HC08 मध्ये चार असतात आणि आपण दोनच वापरली होती.

उत्तर गणिती अर्थाने तेच, पण आता वेळेचा खेळ बदलला. Q0 दर कडेला बदलतो. Q1 आणि Q2 बदलतात ते फक्त Q0 शून्यावर येताना. म्हणजे Q0 शून्य असतो तेव्हा दुसरा अँड तसाही बंद असतो, मागे Q2 आणि Q1 चा अँड काय करतोय याला महत्त्व नाही. Q0 एक होईपर्यंत तो पहिला अँड पूर्ण एक फेरी आधी स्थिर होऊन बसलेला असतो. म्हणून आता वेळ ठरवणारी वाट Q0, एक अँड, एक एक्सॉर एवढीच: 35 + 20 + 20 + 20, म्हणजे 95 नॅनोसेकंद. 10.5 मेगाहर्ट्झ. काठावर का होईना, 10 बसले.

एक सावधगिरी. हेच डिझाइन आयसीच्या आत याच गेटांनी केलं तर टायमिंग तपासणारं टूल गेटं मोजतं, काउंटरचा क्रम बघत नाही. ते Q1 पासूनची दोन अँडची वाट अजूनही लांबच धरेल, तुम्ही तिला मल्टिसायकल पाथ, म्हणजे दोन फेऱ्या मिळणारी वाट, म्हणून सांगेपर्यंत. आणि तसं सांगण्याआधी वरचा युक्तिवाद स्वतः कागदावर करून बघायचा. चुकीच्या वाटेला अशी सूट दिली तर टूल गप्प बसतं.

कंटॅमिनेशन डिले या सगळ्यात कुठे आला? सूत्रात तर दिसत नाही.

बरोबर, वेगाच्या सूत्रात तो नाहीच. त्याचं सूत्र वेगळं:

```
tccq + tcd >= thold + tskew
```

लांब वाटेचा प्रश्न होता की नवी किंमत पुढच्या कडेपर्यंत पोहोचते का. छोट्या वाटेचा प्रश्न असतो की नवी किंमत याच कडेला फार लवकर तर पोहोचत नाही ना. फ्लिप-फ्लॉप जुनी किंमत उचलत असतानाच नवी तिथे येऊन धडकली तर तो नवीच उचलेल. डावीकडे सगळे किमान उशीर आहेत. उजवीकडे होल्ड, आणि क्लॉक एका फ्लिप-फ्लॉपला दुसऱ्यापेक्षा किती उशिरा पोहोचतो तो स्क्यू.

या सूत्रात Tc कुठेच नाही, हे दोनदा वाचा.

74HC74 चा होल्ड शून्य आहे. त्यामुळे दोन्ही चिपांना क्लॉक एकाच तारेने दिला असेल तर उजवी बाजू जवळपास शून्य आणि काळजीचं कारण नाही. अडचण सुरू होते क्लॉकच्या तारेत कुणी काही बसवलं की.

दुसरा ब्रेडबोर्ड लांब होता म्हणून क्लॉकला एक बफर लावला. आता काउंटर 1 हर्ट्झलाही चुकतो. असं कसं?

दर दोन-तीन बॅचला हे होतं. घरात पडलेला एक CD4081 असतो, त्याच्या एका अँड गेटच्या दोन्ही इनपुट जोडून बफर केला, आणि त्यातून फक्त दुसऱ्या 74HC74 ला क्लॉक दिला. CD4081 दिसायला 74HC08 चा भाऊ, पण 5 व्होल्टला त्याचा टिपिकल उशीर 125 नॅनोसेकंद आहे आणि कमाल 250.

आता एकच कड धरून चला. शून्याव्या क्षणी पहिल्या चिपला क्लॉक मिळाला. टिपिकल आकड्यांनी 20 नॅनोसेकंदांत Q0 बदलला, 42 ला D2 वर नवी किंमत आली, 52 ला D3 वर. दुसऱ्या चिपला क्लॉक पोहोचला 125 ला. तोवर तिच्या दोन्ही D वर पुढच्या फेरीची किंमत येऊन बसलेली. ती तीच उचलते. दुसरी चिप एक पाऊल पुढे धावते.

आकडे एलईडीवर असे दिसतात:

```
0 1 2 7 4 5 6 11 8 9 10 15 12 13 14 3 0
```

प्रत्येक चौथा आकडा चुकतो, आणि तोही ठरावीक पद्धतीने: 3 च्या जागी 7, 7 च्या जागी 11, 11 च्या जागी 15, 15 च्या जागी 3. पहिली चिप 00, 01, 10, 11 बरोबर मोजते, फक्त वरचे दोन बिट एक कड आधी उलटतात. हा नमुना दिसला की मल्टिमीटर खाली ठेवा आणि क्लॉकची तार बोटाने शोधत जा.

1 हर्ट्झला सुधारत नाही, कारण शर्यत एकाच कडेच्या आत आहे. पुढची कड एक सेकंदाने येवो की एका वर्षाने. ओळखण्याची साधी पद्धत हीच: क्लॉक कमी केल्यावर चूक गेली तर लांब वाट, क्लॉक कितीही कमी केला तरी राहिली तर छोटी वाट.

पण सर, तो बफर लावल्यावर आधी Q3 जास्त वेगाला चालायला लागला होता!

लागेलच. किंमत घेणाऱ्या चिपला क्लॉक उशिरा मिळाला की Q0 ते D3 वाटेला तेवढा जास्त वेळ मिळतो. आपल्या काउंटरमध्ये दुसऱ्या चिपकडून पहिल्याकडे एकही तार येत नाही, म्हणून उलट दिशेला किंमत मोजावी लागली नाही. 5 ते 10 नॅनोसेकंदांचा असा स्क्यू मुद्दाम ठेवणारे डिझायनर आहेत. पण तो छोट्या वाटेच्या किमान उशिराच्या आत हवा. टिपिकल आकड्यांनीसुद्धा 42 च्या पुढे गेला की आपला काउंटर गेला.

मग छोट्या वाटेत गेटं वाढवून उशीर घातला तर?

लोक करतात, आणि कंटॅमिनेशन डिले कमाल फ्रिक्वेन्सीला मागच्या दाराने इथेच गाठतो.

CD4081 चा स्क्यू कमाल 250 धरावा लागेल. समजा मूळ वाटेचा किमान उशीर 20 धरला, तर अजून 230 नॅनोसेकंदांची भर हवी, तीही किमान आकड्यांनी. किमान 230 देणारी गेटांची रांग कमाल किती घेईल? आकडा नुसता समजण्यासाठी 500 धरा. D2 आणि D3 दोन्हीकडे जाणारी Q0 ची तार हीच रांग ओलांडणार असेल, तर लांब वाट 115 वरून 615 होते. स्क्यूची मदत मिळेल, पण ती किमानच धरायची. 60 धरली तर 555 नॅनोसेकंद. 1.8 मेगाहर्ट्झ! ज्या काउंटरला 8.7 ची हमी होती त्याची ही गत.

गेटाच्या किमान आणि कमाल उशिरातलं अंतर जितकं मोठं, तितका वेग असा वाया जातो. म्हणून उपाय क्लॉकच्या बाजूला करायचा. बफर काढा, किंवा दोन्ही चिपांना त्याच बफरमधून क्लॉक द्या. मोजणी थांबवायला एनेबल हवा असेल तर तो क्लॉकमध्ये न घालता D च्या बाजूला घाला.

डेटाशीटमध्ये कंटॅमिनेशन डिलेचा रकाना सापडत नाही.

74HC च्या डेटाशीटमध्ये किमान उशिराची जागा बहुधा कोरीच असते. टिपिकलला कंटॅमिनेशन डिले समजू नका, खरी चिप त्याहून चपळ निघू शकते. हाताने बांधलेल्या सर्किटात मी सरळ शून्य धरतो आणि क्लॉकची तार सगळीकडे एकच ठेवतो. आयसीच्या आत डिझाइन करणाऱ्यांकडे प्रत्येक सेलचे किमान-कमाल दोन्ही आकडे असतात, त्यांचं काम वेगळं.

उन्हाळ्यात कुपवाडच्या शेडमध्ये बोर्ड ठेवायचा आहे. फरक पडेल?

पडेल. याच डेटाशीटमध्ये 85 अंशांपर्यंतचा वेगळा रकाना आहे: क्लॉक-टु-क्यू 44, सेटअप 25, अँड आणि एक्सॉर प्रत्येकी 25. जोडणी बदललेल्या काउंटरची बेरीज 119 होते, म्हणजे 8.4 मेगाहर्ट्झ. 10 ची हमी पुन्हा गेली. पत्र्याच्या शेडमध्ये बंद डब्याच्या आत 25 अंशांचा रकाना वापरण्यात अर्थ नाही.

थंडीत उलट होतं. गेटं चपळ होतात, लांब वाटेला आराम, पण छोट्या वाटेचा किमान उशीर आणखी घटतो. म्हणून सेटअप गरम आणि कमी व्होल्टेजला तपासायचा, होल्ड थंड आणि जास्त व्होल्टेजला.

स्वतः मोजायचं तर प्रोब कुठे लावू?

एक प्रोब दुसऱ्या 74HC74 च्या पिन 11 वर, म्हणजे Q3 च्या क्लॉकवर. दुसरा पिन 12 वर, म्हणजे D3 वर. पहिल्या चिपच्या पिन 3 वर नको, कारण D3 ला जी कड उचलते तिच्याच सापेक्ष मोजायचं आहे. दोन्ही प्रोब 10x वर, दोन्ही ग्राउंड क्लिपा जवळ लावलेल्या. चढत्या कडेला ट्रिगर करा आणि पर्सिस्टन्स चालू ठेवा. D3 बदलण्याचे सगळे क्षण एकावर एक साठत जातील आणि दोन कडांच्या मध्ये एक गढूळ पट्टा तयार होईल. पट्ट्याची डावी कड हा तुमचा किमान उशीर, उजवी कड कमाल. उजव्या कडेपासून पुढच्या क्लॉकपर्यंत उरलेला वेळ 20 नॅनोसेकंदांपेक्षा कमी असेल तर सेटअपची हमी गेली. फंक्शन जनरेटरचा वेग वाढवत नेला की पुढची कड त्या पट्ट्याकडे सरकताना डोळ्यांनी दिसते.

एवढं करण्यापेक्षा 74HC163 घेतला तर?

घ्या ना. चार बिटांचा सिंक्रोनस काउंटर एकाच चिपमध्ये, आतल्या वाटा कंपनीने आधीच मोजलेल्या, आणि त्याच्या डेटाशीटवरची कमाल फ्रिक्वेन्सी पूर्ण काउंटरची असते. फक्त दोन 163 एकापुढे एक जोडलेत की पहिल्याचा कॅरी आउटपुट RCO ते दुसऱ्याचा एनेबल इनपुट ENT ही वाट पुन्हा तुमची. तिथे क्लॉक ते RCO चा उशीर आणि ENT चा सेटअप, दोन्ही डेटाशीटमधून काढून बेरीज करायची.